आईवडिलांकडून घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी पैसे घेताना: बक्षीस की हातउसने, आणि कोणते कागद जपावेत

नागपुरात पहिले घर घेणाऱ्या बहुतेक तरुण कुटुंबांची अडचण मासिक हप्त्याची नसून सुरुवातीच्या रकमेची असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सर्वसाधारणपणे या किमतीत धरला जात नाही. म्हणून बेसा-मनीषनगर भागातला ४८ लाखांचा फ्लॅट घेणाऱ्याला बँकेकडून ३८ लाख ४० हजार मिळाले, तरी ९ लाख ६० हजार स्वतःचे आणि त्यावर मुद्रांक, नोंदणी, वकील वगैरेंसाठी साधारण ४ लाख, म्हणजे एकूण साडेतेरा लाखांहून अधिक रक्कम हातात असावी लागते. ती कमी पडली की घरात विषय निघतो आणि बाबा म्हणतात, "एफडी मोडतो, घेऊन टाक."

या लेखात याच आकड्यांचे एक उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. मुलगा मिहानमधील एका कंपनीत नोकरीला असून त्याच्या हातात महिना ८५ हजार येतात. वडील वीज केंद्रातून निवृत्त झालेले आहेत, आई गृहिणी आहे आणि बहीण लग्नानंतर अमरावतीला असते. मुलाची स्वतःची बचत ६ लाख ६० हजार आहे, म्हणजे ७ लाख कमी पडतात. ही रक्कम वडील देणार आहेत. ती कशी घ्यावी, हे पैसे खात्यावर येण्याआधी ठरले पाहिजे, कारण मागाहून लिहिलेल्या कागदावर बँक, आयकर खाते आणि पुढे भावंडेही कमी विश्वास ठेवतात.

आधी ठरवा: हे पैसे परत जायचे आहेत का

कर वाचवण्यासाठी बक्षीस चांगले की कर्ज, अशी चर्चा अनेक घरांत होते. माझ्या मते सुरुवात तिथून करू नये, कारण या बाबतीत कराचे उत्तर सोपे आहे. आयकर कायद्याच्या व्याख्येनुसार आईवडील हे नातेवाईक आहेत आणि नातेवाईकाकडून मिळालेल्या बक्षिसावर, रक्कम कितीही असली तरी, घेणाऱ्याला कर लागत नाही. ५० हजारांची मर्यादा सर्वांना ऐकून माहीत असते, पण ती नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेल्या रकमेसाठी आहे. दुसरीकडे, आईवडिलांकडून घेतलेले खरे कर्ज हे मुळात उत्पन्नच नसते, त्यामुळे त्यावरही कर नाही. आणि ते बिनव्याजी असेल तर न घेतलेल्या व्याजावर वडिलांना कर भरावा लागत नाही.

खरा प्रश्न वडिलांना विचारायचा आहे, आणि तो संकोच न करता विचारला पाहिजे: "बाबा, हे पैसे तुम्हाला पुढे लागणार आहेत का?" बहुतेक वडील पहिल्यांदा नाही म्हणतात. त्यामुळे उत्तर ऐकून थांबण्याऐवजी त्यांच्यासोबत बसून कागदावर मांडावे की दरमहा निवृत्तिवेतन किती येते, आरोग्य विम्याचे संरक्षण किती आहे, ठेवी किती आहेत आणि त्यातल्या किती आजारपणासाठी राखून ठेवल्या आहेत. आपल्या उदाहरणात वडिलांकडे ठेवींचे १५ लाख होते. त्यातले ४ लाख त्यांनी मुलाच्या घरासाठी म्हणूनच बाजूला ठेवले होते, पण उरलेले ३ लाख आजारपणाच्या राखीव रकमेतून निघणार होते. म्हणून ४ लाख बक्षीस आणि ३ लाख हातउसने, अशी विभागणी ठरली. अशी विभागणी पूर्णपणे चालते. फक्त दोन्ही रकमा वेगवेगळ्या व्यवहारांत, वेगवेगळ्या कागदांसह यायला हव्यात.

दुसरा विचार भावंडांचा आहे. वडिलांनी स्वतः कमावलेला पैसा ते हयातीत कोणालाही देऊ शकतात आणि त्यावर बहिणीला कायद्याने हरकत घेता येत नाही. पैसा वडिलोपार्जित शेत विकून आलेला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, त्यामुळे काटोल किंवा सावनेरकडची वाडवडिलांची जमीन विकून आलेली सगळी रक्कम एका मुलाच्या फ्लॅटमध्ये घातली, तर बहीण आपल्या हिश्शाबद्दल विचारू शकते आणि तिचे विचारणे रास्त ठरते. अशा वेळी आधी हिस्से ठरवून प्रत्येकाच्या खात्यावर ज्याची त्याची रक्कम जाऊ द्यावी आणि वडिलांनी फक्त स्वतःच्या हिश्शातून द्यावे.

तिसरी बाब आईवडिलांच्या हक्काची आहे. पैसे दिले म्हणून फ्लॅटमध्ये त्यांचा मालकी हक्क निर्माण होत नाही. त्यांना हक्क हवा असेल, तर करारनाम्यात त्यांचे नाव सहमालक म्हणून घालावे लागते आणि मग ती रक्कम बक्षीसही नसते आणि कर्जही नसते, तर त्यांची स्वतःची गुंतवणूक असते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाबाबतच्या २००७ च्या कायद्यात अशी तरतूद आहे की, आपला सांभाळ करावा या अटीवर ज्येष्ठ व्यक्तीने मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करण्याची मागणी करता येते. ज्या आईवडिलांना ही अट महत्त्वाची वाटते, त्यांनी ती लेखी घालावी. मुलाने त्यात अपमान मानू नये. गृहकर्ज देणाऱ्या बँकेला मात्र बहुधा बिनशर्त बक्षिसाचे पत्र हवे असते, हे आधी विचारून घ्यावे.

पैसा वडिलांकडे कुठून आला, हे एक पाऊल मागे जाऊन पाहा

मुलाच्या खात्यावर ७ लाख आले की उद्या कोणीही विचारणारा तीन गोष्टी विचारतो: देणारा कोण, त्याच्याकडे इतके पैसे कुठून आले, आणि व्यवहार खरोखर झाला का. पहिल्याचे उत्तर वडिलांच्या पॅन आणि आधारच्या प्रतीत आहे. तिसऱ्याचे उत्तर बँकेच्या नोंदीत आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक घरांत कोणी जपून ठेवत नाही.

उदाहरणातल्या वडिलांचा माग असा लागतो: निवृत्तीच्या वेळी उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम बचत खात्यावर आली, तिच्यातून मुदत ठेवी झाल्या, आता दोन ठेवी मोडून रक्कम पुन्हा बचत खात्यावर आली आणि तिथून मुलाकडे गेली. म्हणून निवृत्तीच्या वेळचे देयकाचे पत्र, दोन ठेवींच्या पावत्या किंवा त्या बंद केल्याचे बँकेचे सूचनापत्र, आणि ठेव मोडल्याच्या दिवसापासून रक्कम बाहेर गेल्याच्या दिवसापर्यंतचा खातेउतारा हे तीन कागद जोडले की साखळी पूर्ण होते. मोडण्यासाठी ठेव निवडताना मुदत संपत आलेली निवडावी, म्हणजे व्याजाचे नुकसान कमी होते.

वडील शेतकरी असतील आणि पैसा संत्र्याच्या किंवा कापसाच्या विक्रीचा असेल, तर सातबारा आणि कळमना बाजारातल्या अडत्याच्या हिशेबपट्ट्या हाच पुरावा आहे. वडील आयकर विवरणपत्र भरत नसले, तरी त्यांना बक्षीस किंवा कर्ज देता येते; फक्त अशा घरांत या पट्ट्यांचे मोल अधिक असते. पैसा शेतजमिनीच्या विक्रीचा असेल, तर एक गोष्ट आधी तपासावी. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण नागपूरसारख्या दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतली जमीन या अर्थाने ग्रामीण धरली जात नाही. शहरालगतच्या गावातली जमीन असेल, तर वडिलांचा कर भरून झाल्यावरच रक्कम पुढे सरकवावी.

रोख घेऊ नका, थोडी थोडी करूनही घेऊ नका

सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९ एसएस नुसार २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेता येत नाही. ते खातेजमा धनादेश, धनाकर्ष किंवा बँकेच्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेच घ्यावे लागते. मोडल्यास घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. वडील-मुलाच्या नात्याला यातून सरसकट सूट नाही. आधीचे न फेडलेले कर्ज आणि नवे मिळून २० हजार होत असतील, तरीही हेच लागू होते, म्हणून पंधरा-पंधरा हजारांचे तुकडे केल्याने सुटका होत नाही. बक्षिसासाठी कलम २६९ एसटी पाहावे लागते: एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारात, किंवा एकाच प्रसंगाशी निगडित व्यवहारांत मिळून २ लाख किंवा अधिक रोख घेता येत नाही. घर घेण्यासाठी आठवडाभरात रोज दीड लाख घेतले, तर ते एकाच प्रसंगाशी जोडले जाण्याचा धोका राहतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या कागदांत आणि लोकांच्या बोलण्यात अजून जुनेच क्रमांक येतात, म्हणून इथे तेच दिले आहेत.

वडिलांकडे खरोखरच घरात रोख असेल, तर ती आधी त्यांच्याच खात्यात भरावी. मोठी रोख भरताना पॅन द्यावा लागतो आणि एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत १० लाख किंवा अधिक रोख भरली गेली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. त्यामुळे रोख कुठून आली, याचा कागद भरण्याआधीच हाताशी ठेवावा. आईने वर्षानुवर्षे डब्यात जमवलेले पैसे असतील, तर ते आईच्याच खात्यात भरावेत आणि देणारी म्हणून आईचेच नाव लिहावे.

हस्तांतरण करताना खात्यांकडे नीट पाहावे लागते. विदर्भात अनेक घरांत वडील आणि मुलगा यांचे संयुक्त खाते असते, सोयीसाठी उघडलेले. त्या खात्यातून थेट बिल्डरला धनादेश दिला, तर पैसे वडिलांनी दिले की मुलाने, हे कागदावरून कळतच नाही. म्हणून रक्कम वडिलांच्या एकट्याच्या खात्यातून मुलाच्या एकट्याच्या खात्यात जावी आणि तिथून बिल्डरकडे जावी. वडिलांनी थेट बिल्डरला पैसे देणेही शक्यतो टाळावे, कारण मग पावती एकाच्या नावाची आणि देणारा दुसराच, असे होते. आईवडिलांचे संयुक्त खाते असेल, तर ज्याच्या कमाईचा पैसा आहे त्याचे नाव कागदात देणारा म्हणून घालावे आणि दुसऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्यावी.

उदाहरणात वडील शाखेत गेले आणि त्यांनी दोन स्वतंत्र आरटीजीएस अर्ज भरले: एक ४ लाखांचा, शेऱ्यात "मुलाला बक्षीस", आणि दुसऱ्या दिवशी दुसरा ३ लाखांचा, शेऱ्यात "मुलाला कर्ज". शेऱ्याची जागा छोटी असते, पण पुढे पाच वर्षांनी उतारा पाहणाऱ्याला तेवढे दोन शब्द पुरतात. प्रत्येक अर्जाची पोच, तिच्यावरच्या यूटीआर म्हणजे व्यवहाराच्या ओळख क्रमांकासह, जपून ठेवली.

सुनेच्या खात्यावर रक्कम पाठवण्याचा विचार असेल, तर थांबावे. सासऱ्यांकडून सुनेला मिळालेल्या बक्षिसावरही कर नाही, पण त्या पैशांतून पुढे उत्पन्न झाले, उदाहरणार्थ फ्लॅट भाड्याने दिला, तर त्या प्रमाणात ते उत्पन्न सासऱ्यांच्या उत्पन्नात मिळवले जाते. सज्ञान मुलगा किंवा मुलगी यांना दिलेल्या बक्षिसाला हा नियम लागू नाही.

बक्षिसाचा कागद: आधी पैसे, मग घोषणापत्र

बक्षीसपत्र म्हटले की लोकांना दुय्यम निबंधकाचे कार्यालय आठवते. स्थावर मालमत्तेच्या बक्षिसाला नोंदणी लागतेच. पैसा मात्र जंगम आहे आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ नुसार जंगम वस्तूचे बक्षीस ताबा दिल्यानेही पूर्ण होते. म्हणजे वडिलांनी देण्याच्या इच्छेने रक्कम पाठवली आणि मुलाने ती स्वीकारली, की बक्षीस झाले. नोंदणीची सक्ती नाही.

मग कागद कशासाठी? देण्याचा हेतू काय होता, हे बँकेच्या उताऱ्यावरून सिद्ध होत नाही, म्हणून. इथे मजकुराची एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. कागदात "या दस्ताने मी ४ लाख रुपये देत आहे" असे लिहिले, तर तो स्वतःच बक्षिसाचा दस्त ठरू शकतो आणि त्यावर रकमेच्या टक्केवारीने मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो. "अमुक तारखेला मी रक्कम दिली आहे, हे मी याद्वारे जाहीर करतो" असे लिहिले, तर ती झालेल्या गोष्टीची नोंद राहते. म्हणून पैसे आधी, आणि घोषणापत्र त्यानंतर, शक्यतो त्याच आठवड्यात. मजकूर साधारण असा असावा:

"मी, (वडिलांचे नाव, वय, पत्ता, पॅन), असे जाहीर करतो की (तारीख) रोजी माझ्या (बँक व शाखा) येथील खाते क्रमांक (…) मधून माझा मुलगा (नाव, पॅन) याच्या खाते क्रमांक (…) मध्ये यूटीआर क्रमांक (…) द्वारे रुपये ४,००,००० (अक्षरी रुपये चार लाख फक्त) मी स्वखुशीने व प्रेमापोटी बक्षीस म्हणून दिले आहेत. ही रक्कम माझ्या निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेच्या मुदत ठेवीतून, म्हणजे माझ्या स्वतःच्या मिळकतीतून दिली आहे. ती परत मागण्याचा माझा हेतू नाही व तिच्या मोबदल्यात मला काहीही मिळालेले नाही."

खाली वडिलांची सही, मुलाची "मी हे बक्षीस स्वीकारले आहे" अशा ओळीखाली सही, आणि दोन साक्षीदार. शपथपत्राच्या स्वरूपात करायचे असेल, तर सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या परिसरात नोटरी मिळतात. अशा खासगी शपथपत्रासाठी पूर्वी १०० रुपयांचा मुद्रांक चालत असे. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तो ५०० रुपयांचा झाला आहे. घरात जुना १०० चा कागद पडून आहे म्हणून तो वापरू नये. बहीण साक्षीदार म्हणून सही करायला तयार असेल, तर तिचीच घ्यावी. तिला ठाऊक होते, हे पुढे कुणाला सांगत बसावे लागत नाही.

हातउसन्याचा कागद: फेड कशी, हे लिहिल्याशिवाय ते कर्ज नव्हे

कर्जाच्या कागदात सर्वांत जास्त टाळली जाणारी ओळ म्हणजे परतफेडीची. "जमेल तसे देईन" असे लिहिलेले कर्ज बँकेला संशयास्पद वाटते आणि तीन-चार वर्षांनी वडिलांनाही आपण दिले होते ते बक्षीस की उसने, हे नीट सांगता येत नाही. म्हणून रक्कम, दिल्याची तारीख, यूटीआर क्रमांक, व्याज आहे की नाही, हप्ता किती, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात, आणि वडील किंवा मुलगा यांच्यापैकी कोणाचे बरेवाईट झाले तर काय, इतके तरी लिहावे. हा करार मुद्रांकावर करावा. रकमेनुसार मुद्रांक किती लागेल, हे वकिलाकडून ठरवून घ्यावे.

उदाहरणातल्या मुलाने आधी दरमहा १० हजार देऊन ३० महिन्यांत फेड करायचे ठरवले होते. ३८ लाख ४० हजारांच्या गृहकर्जाचा २० वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी साधारण ३३,३०० रुपये येतो. त्यात १० हजार मिळवले की ४३,३०० होतात, म्हणजे ८५ हजारांच्या निम्म्याहून अधिक. बँका हप्त्यांचे हातातल्या पगाराशी असलेले प्रमाण पाहतात आणि अनेकदा निम्म्याच्या आसपास थांबतात. म्हणून हप्ता ६ हजारांवर आणला आणि मुदत ५० महिने केली. एकूण भार ३९,३०० झाला आणि वडिलांनाही ठरावीक रक्कम दरमहा येत राहिली.

परतफेडही बँकेतूनच करावी. इथे अनेकजण चुकतात, कारण ६ हजारांचा हप्ता २० हजारांहून कमी आहे, मग रोख दिला तर काय बिघडले, असे वाटते. कलम २६९ टी मध्ये पाहिले जाते ते केवळ हप्त्याला नव्हे, तर एकूण थकीत कर्जालाही. बाकी २० हजार किंवा अधिक असेपर्यंत छोटा हप्ताही रोखीने देता येत नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी वडिलांच्या खात्यावर आपोआप ६ हजार जातील, अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवणे सर्वांत सुरक्षित आहे.

मुदतीच्या कायद्याचाही विचार करावा लागतो. मागणी करताच फेडायच्या कर्जाची वसुलीची मुदत दिल्याच्या दिवसापासून ३ वर्षे असते. घरातल्या घरात कोणी दावा करत नाही हे खरे, पण मुदत संपलेले कर्ज हे कर्ज राहिले का, असा प्रश्न वारसांमध्ये किंवा आयकर खात्यापुढे उभा राहू शकतो. मुलाने दरवर्षी ३१ मार्चला "आजअखेर आपणास देणे बाकी रुपये अमुक" असे सहीचे पत्र वडिलांना दिले, तर मुदत संपण्याआधीच्या अशा प्रत्येक लेखी कबुलीपासून ती नव्याने मोजली जाते. पाच ओळींचे पत्र आहे, पण ते दरवर्षी लिहिले पाहिजे.

व्याज ठरवले असेल, तर ते वडिलांच्या करपात्र उत्पन्नात धरावे लागते. मुलगा जुन्या करप्रणालीत असेल, तर घर खरेदीसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज म्हणून त्याची वजावट त्याला मिळू शकते, कारण त्या वजावटीसाठी कर्ज बँकेचेच असावे अशी अट नाही. गृहकर्ज आणि हे कर्ज मिळून राहत्या घरासाठी २ लाखांची मर्यादा असते. ८० सी ची मुद्दलाची वजावट आईवडिलांच्या कर्जावर मिळत नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. त्यामुळे आज बहुतेक पगारदारांसाठी व्याज लावण्याचे करविषयक कारण उरत नाही. वडिलांचे ठेवीवरचे व्याज बुडू नये, एवढेच कारण असेल तर व्याज जरूर द्यावे.

बँकेपुढे काय ठेवायचे

गृहकर्जाच्या अंतिम मंजुरीच्या अर्जासोबत बँक साधारणपणे ६ महिन्यांचा खातेउतारा मागते आणि त्यात ४ लाख व ३ लाख अशा मोठ्या जमा दिसल्या की त्यांचा खुलासा विचारते. तो विचारण्याची वाट न पाहता घोषणापत्र, कर्जाचा करार, वडिलांचा खातेउतारा आणि पॅनची प्रत अर्जासोबतच द्यावी. काही बँकांचा बक्षिसासाठी स्वतःचा नमुना असतो. तो असल्यास त्याच नमुन्यात लिहावे.

इथे एक मोह होतो. कर्ज दाखवले तर पात्रता कमी होईल, म्हणून सगळे ७ लाख बक्षीस आहेत असे बँकेला लिहून द्यायचे आणि घरात मात्र हप्ते फेडत राहायचे. हे करू नये. बँकेला दिलेले ते खोटे निवेदन ठरते, आणि उताऱ्यावर दरमहा वडिलांना जाणारे ६ हजार ते उघड करतात. पात्रता कमी पडत असेल, तर मुदत वाढवावी, हप्ता कमी करावा किंवा थोडा स्वस्त फ्लॅट पाहावा.

वेळेचेही भान ठेवावे. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, म्हणजे ४८ लाखांच्या फ्लॅटसाठी ४ लाख ८० हजारांपर्यंतच. ती रक्कम मुलाच्या स्वतःच्या बचतीतून द्यावी आणि गृहकर्जाची तत्त्वतः मंजुरी हातात आल्यावरच वडिलांनी ठेवी मोडाव्यात. व्यवहार फिसकटला, तर मोडलेल्या ठेवीचे व्याज परत येत नाही. करारनाम्यात बिल्डरला दिलेल्या रकमांचा तपशील येतो. तिथले व्यवहार क्रमांक मुलाच्या उताऱ्याशी जुळतात का, हे सही करण्याआधी ओळीने ओळ तपासावे.

घर झाल्यानंतर

त्या वर्षीच्या विवरणपत्रात बक्षिसाची रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या भागात दाखवावी, असे माझे मत आहे. कर त्यावर नाहीच, पण त्याच वर्षी तुमच्या नावे ४८ लाखांची मालमत्ता नोंदली गेलेली असते आणि पैसा कुठून आला, हे आपणच आधी सांगितलेले बरे. कर्जाची रक्कम उत्पन्नात दाखवायची नसते.

वडिलांनी पुढे कधी उरलेले कर्ज माफ केले, तर तोंडी सांगून भागत नाही. "बाकी रुपये अमुक मी आजपासून माफ करत आहे" असे तारखेचे पत्र घेऊन मूळ कराराला जोडावे. तसे पत्र नसताना वडिलांचे निधन झाले, तर बाकी रक्कम त्यांच्या मालमत्तेचा भाग होते. समजा २० हप्ते गेल्यावर असे घडले, तर बाकी १ लाख ८० हजार राहते, आणि मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगा आणि मुलगी यांचा तिच्यात सारखा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी ६० हजार. मुलाचे स्वतःचे ६० हजार वजा होतात. आईला ६० आणि अमरावतीच्या बहिणीला ६० हजार तो देणे लागतो. वडिलांना हे नको असेल, तर त्यांनी मृत्युपत्रात तसे स्पष्ट लिहावे.

सगळे कागद एकाच फाइलमध्ये, फ्लॅटच्या करारनाम्याच्या प्रतीसोबत ठेवावेत: वडिलांच्या पैशाच्या उगमाचे कागद, दोन्ही हस्तांतरणांच्या पोचा, दोघांचे खातेउतारे, घोषणापत्र, कर्जाचा करार आणि दरवर्षीची बाकीची पत्रे. फ्लॅट विकेपर्यंत ही फाइल काढून टाकू नये, कारण विक्रीच्या वेळी भांडवली नफा काढताना खरेदीची रक्कम कशी भरली गेली, हे पुन्हा पाहिले जाऊ शकते. बँकांच्या जुन्या नोंदी इतक्या वर्षांनी सहज मिळत नाहीत, म्हणून खातेउतारे बँकेच्या शिक्क्यासह आजच घ्यावेत, आणि फाइलची एक पूर्ण प्रत आईवडिलांच्या कपाटात ठेवावी.